कधीमधी म्हणजे किती?



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी शिकाऊ असताना दोन उन्हाळे बसले होते. पेशंटची हकीकत लिहून घ्यायचं काम माझ्याकडे असायचं. कागद तपासताना डॉक्टर एका शब्दावर हमखास थांबायचे. ‘व्यसन’ या रकान्यात मी लिहिलेलं असायचं, ‘दारू : कधीमधी’. ते पेन्सिलने त्याभोवती गोल काढायचे आणि विचारायचे, “कधीमधी म्हणजे किती? ताप किती ते लिहितेस ना?” मला तेव्हा ते जरा अति वाटायचं. आज गेली बावीस वर्षं मी कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करते. जिल्ह्याच्या गावात काम करते, त्यामुळे तोंडाचे आणि स्तनाचे असे दोन्ही रुग्ण माझ्याकडेच येतात. त्या पेन्सिलच्या गोलात काय होतं, ते मला फार उशिरा कळलं. आजचं व्याख्यान त्या गोलाविषयी आहे.

दारूच्या आहारी गेलेल्या माणसाबद्दल मी आज बोलणार नाही. त्याच्या यकृताबद्दल, त्याच्या घराबद्दल सगळ्यांना माहीत आहे. मी बोलणार आहे ते शनिवारी चार मित्रांबरोबर ‘बसणाऱ्या’ माणसाबद्दल, लग्नाच्या रिसेप्शनमध्ये एक ग्लास हातात घेणाऱ्या बाईबद्दल, “आम्ही फक्त सोशली घेतो” असं मनापासून आणि खरं सांगणाऱ्या माणसांबद्दल. ‘सोशली’ या शब्दात आपण कुणाबरोबर पितो ते कळतं. किती पितो ते कळत नाही. आणि शरीरात जाते ती मात्रा.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. वय ४९, सरकारी नोकरी, डाव्या गालाच्या आत तीन महिने न भरणारी जखम. बोट लावलं तर कडा कडक लागत होत्या, आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. तुकड्याचा अहवाल अपेक्षेप्रमाणे आला. तंबाखू खायचे, जेवणानंतर चुना लावून मळलेली चिमूट, दिवसातून दोन-तीनदा. त्याचा अपराधी भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि बायकोच्या शब्दांत होता. दारूच्या रकान्यात माझ्या ज्युनियरने लिहिलं होतं, ‘कधीमधी’. मी पेन्सिल काढली.

मी विचारलं, शेवटचं कधी? “शनिवारी.” त्याआधी? “त्याच्या आधीच्या शनिवारी.” म्हणजे दर शनिवारी. काय घेता? “बिअर, एकच.” कोणती? “स्ट्राँग.” केवढी बाटली? “मोठी.” आणि मधल्या वारी? जरा थांबून म्हणाले, “बुधवारी रात्री घरी एक लार्ज. झोप लागते.” किती वर्षं? “सोळा-सतरा.”

आता आपण एकदाच हिशेब करू, म्हणजे पुढे सोपं जाईल. बाटलीवर टक्के लिहिलेले असतात. एकूण मिलिलीटरला त्या टक्क्यांनी गुणायचं, म्हणजे शुद्ध अल्कोहोल किती मिलिलीटर ते कळतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, एका मिलिलीटरचं वजन साधारण ०.७९ ग्रॅम भरतं, म्हणून त्याने पुन्हा गुणायचं. आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलिलीटरची. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची धरली तर ५२ मिलिलीटर, म्हणजे ४१ ग्रॅम. व्हिस्की-रम बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते. ६० मिलिलीटरच्या लार्जमध्ये २० ग्रॅम, ३० च्या स्मॉलमध्ये १०. शनिवारचे ४१ आणि बुधवारचे २० मिळून आठवड्याला ६१ ग्रॅम. सातने भागा, दिवसाला पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. हे त्यांचं ‘कधीमधी’.

त्या दिवशी मी आणखी एक केलं, आणि ते आता नेहमी करते. त्यांना कागदी पेला दिला, पाण्याची बाटली दिली आणि म्हटलं, घरी लार्ज भरता तसा भरून दाखवा. त्यांनी अगदी सहज, सवयीच्या हाताने पाणी ओतलं. मग मी ते पन्नासच्या सिरिंजने ओढून मोजलं. एकदा पूर्ण भरली, दुसऱ्यांदा पस्तीसपर्यंत. ८५ मिलिलीटर. म्हणजे २० नाही, जवळजवळ २९ ग्रॅम. दिवसाची सरासरी १० च्या घरात गेली. ते खोटं बोलत नव्हते. घरी मोजून ओततं कोण? इतक्या वर्षांत माझ्यासमोर घरच्या हाताने ओतलेला ‘लार्ज’ ६० पेक्षा कमी भरलेला मी क्वचितच पाहिला आहे.

हा नऊ-दहा ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवा. डिसेंबर २०२५ मध्ये ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात एक भारतीय अभ्यास प्रसिद्ध झाला. तो आपल्या टाटा मेमोरियल सेंटरच्या कर्करोग-साथरोगशास्त्र विभागाचा आहे. २०१० ते २०२१ या काळात देशातल्या वेगवेगळ्या कर्करोग केंद्रांतून गालाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग झालेले १,८०३ पुरुष आणि तो न झालेले १,९०३ पुरुष घेतले. त्यांना दारू किती, कोणती, किती वर्षं, आणि तंबाखू किती, हे बारकाईने विचारलं. तंबाखूचा परिणाम गणिताने बाजूला काढल्यावर दारू घेणाऱ्यांमध्ये न घेणाऱ्यांपेक्षा हा कर्करोग ६८ टक्क्यांनी जास्त दिसला. दिवसाला ९ ग्रॅम, म्हणजे एका स्मॉल पेगहूनही कमी, एवढ्या सरासरीलाच धोका सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेला होता. बिअरच्या बाबतीत तर २ ग्रॅमच्या आतही वाढ दिसली. दारू आणि तंबाखू दोन्ही असणाऱ्यांचा एकत्र विचार केला, तर देशातल्या गालाच्या कर्करोगांपैकी ६२ टक्के या जोडीच्या खात्यात जातात, असा त्यांचा अंदाज आहे.

हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो, कारण युरोपातल्या माणसांचा तोंड-घशाचा कर्करोग बहुधा जिभेला किंवा घशात असतो आणि आपला गालाच्या आत, तंबाखूची गोळी जिथे ठेवतो तिथे. आपल्या रोगावर आपल्या माणसांचा अभ्यास हवा होता. तरी त्याच्या मर्यादाही तुमच्यासमोर ठेवते. रोग झालेल्या माणसाला मागचं आठवायला सांगितलं की तो अधिक कसून आठवतो. निरोगी माणूस ‘कधीमधी’वर थांबतो. त्याने आकडा थोडा फुगू शकतो. शिवाय दोन ग्रॅमसारख्या अगदी छोट्या मात्रेचा अंदाज सगळ्यात डळमळीत असतो, तो मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण नऊ ग्रॅमची गोष्ट वेगळी. जगभरातल्या अनेक अभ्यासांची दिशा तीच आहे, आणि तोंडात नेमकं काय घडतं हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. आता तिकडे वळते.

आपली समजूत अशी की दारू तोंडातून फक्त जाते, मग पोटातून रक्तात, तिथून यकृतात, आणि जे काही व्हायचं ते तिथे. यकृत अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट. मधला पदार्थ, ॲसिटाल्डिहाइड, हा खरा विखारी. तो पेशीतल्या डीएनएला चिकटतो आणि त्याचे दोन धागे एकमेकांना बांधून टाकतो. पेशीला दुभंगायच्या वेळी ते धागे सुटे करायचे असतात. ते सुटले नाहीत की तुटतात, आणि तुटलेलं चुकीचं जोडलं जातं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींमध्ये ही मोडतोड प्रत्यक्ष दाखवली. शरीराकडे दोन बचाव आहेत, एक ॲसिटाल्डिहाइड झटपट संपवणारं एन्झाइम आणि दुसरा डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा. पूर्व आशियातल्या कोट्यवधी लोकांमध्ये पहिला बचाव जन्मतःच कमजोर असतो. दोन घोटांत त्यांचा चेहरा लाल होतो. अशी माणसं पीत राहिली, तर त्यांच्यात अन्ननलिकेचा कर्करोग कितीतरी अधिक होतो. दारू तेवढीच, ॲसिटाल्डिहाइड जास्त आणि कर्करोग जास्त. दोष कुणाचा, हे ठरवायला निसर्गाने करून ठेवलेला प्रयोगच हा.

आपल्यात ती जनुकीय उणीव क्वचित आढळते. मग आपण सुरक्षित का? इथे तोंड आडवं येतं. आपल्या तोंडात कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यातले बरेचसे अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करू शकतात, पण ते पुढे संपवायची ताकद त्यांच्यात जवळजवळ नाही. तोंडाच्या अस्तरातही ती फार थोडी. त्यामुळे रक्तापेक्षा लाळेत ॲसिटाल्डिहाइड कितीतरी पटींनी जास्त साठतं. हेलसिंकीच्या मिक्को सालास्पुरो यांच्या गटाने २०११ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ४० टक्क्यांची दारू फक्त ५ मिलिलीटर, म्हणजे एक चहाचा चमचा, तोंडात घ्यायला लावली. पाच सेकंद धरायची आणि थुंकून टाकायची. गिळायची नाही. मग ठरावीक अंतराने लाळ तपासली. त्यात ॲसिटाल्डिहाइड लगेच चढलं आणि निदान दहा मिनिटं धोकादायक पातळीवर राहिलं. पोटात काहीच गेलेलं नव्हतं. यकृताला पत्ता नव्हता. जे झालं ते गालाच्या आत झालं.

आता शनिवारची बैठक डोळ्यांसमोर आणा. एक बिअर तीन तास पुरवून पितात, आणि तेच सभ्यपणाचं लक्षण मानलं जातं. दर दोन-तीन मिनिटांनी घोट, मध्ये चकणा, मध्ये गप्पा. घोटाने लाळेतली पातळी चढते, उतरायला लागते, तोवर पुढचा घोट. यकृतासाठी हळू पिणं बरंच, ते मी नाकारत नाही. पण गालाच्या अस्तरापुरतं पाहिलं तर ते तीन तास सलग भिजत राहतं.

गावाकडे एक समज पक्का आहे, आणि माझ्या पेशंटच्या थोरल्या भावाने तो मला माझ्याच केबिनमध्ये ऐकवला, की दारूने तोंडातले जंतू मरतात, मग जखम वाढेल कशी? तोंडातल्या जिवाणूंना मारायला लागेल इतकी तीव्र दारू इतका वेळ तोंडात कुणी ठेवत नाही. जंतू मरत नाहीत, त्यांना कच्चा माल मिळतो. दात किडलेले, हिरड्यांतून पू येतोय, तोंडाची स्वच्छता नाही, अशा तोंडात ॲसिटाल्डिहाइड जास्त तयार होतं. म्हणून दातांच्या डॉक्टरकडे जाणं हा या विषयातला भाग आहे, हे मी आवर्जून सांगते.

आणि तंबाखू. अल्कोहोल अस्तरातल्या स्निग्ध थराला विरघळवतं, त्यामुळे ते अस्तर ओल्या कागदासारखं पाझरू लागतं. तंबाखूतली कर्करोगजनक रसायनं मग अधिक खोल शिरतात. म्हणून दोन्हींचा धोका नुसत्या बेरजेने न वाढता एकमेकांना वाढवत नेतो. माझ्या पेशंटचा क्रम आठवा. बिअर, जेवण, आणि वर चिमूट. ओल्या अस्तरावर तंबाखू. ब्रिटनमध्ये सुमारे १३ लाख बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात तर तोंड-घशाच्या कर्करोगाची दारूमुळे झालेली वाढ सिगारेट ओढणाऱ्यांपुरतीच दिसली. कमी पिणाऱ्या आणि तंबाखूला कधीच न शिवणाऱ्या माणसाच्या तोंडाला धोका बराच कमी असतो, हे मी प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्याच अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाची वाढ सिगारेट न ओढणाऱ्या बायकांतही तशीच होती.

स्तनाकडे येताना मला एका बाईंची आठवण होते. ५३ वर्षांच्या, शिक्षिका, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. अंघोळीच्या वेळी हाताला गाठ लागली आणि वेळ न घालवता आल्या. शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर, टाके काढायच्या दिवशी, नवरा औषधं आणायला गेलेला असताना हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, एक विचारू? मुलगा पुण्याला नोकरीला लागल्यापासून आम्ही शुक्रवारी जेवताना वाइन घेतो. एक ग्लास. कधी शनिवारीही. त्यामुळे झालं का?” केसपेपरवर ‘व्यसन : नाही’ असं होतं. विचारलंच नव्हतं कुणी. बाईमाणसाला कसं विचारायचं, म्हणून रकाना परस्पर भरला गेला होता.

सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरात जेमतेम एक बाई दारू घेते असं दिसतं, पुरुष मात्र शंभरात एकोणीसच्या आसपास. पहिला आकडा किती विश्वासाने धरायचा, ते हा प्रश्न कोण, कुठे आणि कुणासमोर विचारतं यावर अवलंबून आहे. बायका मला सांगतात ते नवरा आणि सासू खोलीबाहेर गेल्यावर.

त्या शिक्षिकाबाईंना मी जे सांगितलं ते इथेही सांगते. एका बाईच्या एका गाठीवर कारणाचं नाव लिहिलेलं नसतं. हजार बायकांचा हिशेब मांडता येतो. एकीचा मांडता येत नाही. त्या स्वतःला दोषी धरत होत्या, आणि ते मी होऊ दिलं नाही. आठवड्याला दीडशे मिलिलीटरचे दोन ग्लास म्हणजे ३० ग्रॅम, दिवसाला चारच्या आसपास. एवढ्याने वाढणारा धोका थोडा आहे. पण तो शून्य आहे असंही मी म्हणाले नाही, कारण ते खरं नाही.

स्तनाचा रस्ता तोंडापेक्षा वेगळा आहे. इथे दारू थेट लागत नाही. ती रक्तातून येते, आणि स्तनाच्या पेशीही तिचं थोडंफार ॲसिटाल्डिहाइड करतात. त्याहून मोठी वाट बहुधा हार्मोनची आहे. स्तनाच्या बहुतेक गाठी इस्ट्रोजेनवर वाढतात. अमेरिकेत पाळी गेलेल्या ५१ बायकांवर एक नीट आखलेला प्रयोग झाला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं जेवण संशोधकांनी ठरवून दिलेलं. प्रत्येकीने आठ आठवडे बिनदारूचं पेय घ्यायचं, आठ आठवडे रोज १५ ग्रॅम अल्कोहोल असलेलं आणि आठ आठवडे ३० ग्रॅमचं. म्हणजे प्रत्येक बाईची तुलना तिच्या स्वतःशीच. रक्तात एस्ट्रोन सल्फेट नावाचा पदार्थ मोजला. पाळी गेल्यावर शरीर इस्ट्रोजेन ज्या रूपात साठवतं, त्यातलं हे मुख्य रूप. १५ ग्रॅमला तो ७.५ टक्क्यांनी वाढला, ३० ग्रॅमला १०.७ टक्क्यांनी. १५ ग्रॅम म्हणजे वाइनचा तोच एक ग्लास. आठ आठवड्यांत रक्तात दिसण्याएवढा फरक, आणि तो वर्षानुवर्षं चालू राहिला तर गाठीला खतपाणी मिळतं.

वाइन, बिअर आणि व्हिस्की यांत फरक नाही का, असं मला वारंवार विचारतात. लाल वाइन हृदयाला चांगली, हे वाक्य १९९० च्या दशकात फ्रान्समधून जगभर गेलं. त्या जुन्या अभ्यासांत मोठी गफलत सापडली. ‘न पिणारे’ या गटात, आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही मोजली गेली होती. साहजिकच न पिणारे जास्त आजारी दिसले. हृदयाचा वाद तज्ज्ञांत अजून चालू असेल. कर्करोगात मात्र वाद नाही. ब्रिटनच्या त्या अभ्यासात वाइन पिणाऱ्या आणि इतर दारू पिणाऱ्या बायकांच्या धोक्यात ठळक फरक नव्हता. पेशीकडे द्राक्षं पोहोचत नाहीत, इथेनॉल पोहोचतं.

आता धोका किती, ते नीट मापाने सांगते, कारण ‘५० टक्के वाढ’ ऐकून अर्धी माणसं घाबरतात आणि अर्धी विश्वास ठेवत नाहीत. टक्के कशावर वाढले ते सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. ब्रिटनच्या अभ्यासाचे लेखक सांगतात की विकसित देशांत हजार बायकांपैकी ११८ जणींना पंचाहत्तरीपर्यंत स्तन, तोंड-घसा, अन्ननलिका, यकृत, मलाशय यांपैकी एखाद्या ठिकाणी कर्करोग होतोच. रोज १० ग्रॅम, म्हणजे एक छोटा पेग, जास्त घेतला तर त्यात १५ जणींची भर पडते. त्या पंधरांतल्या ११ स्तनाच्या. आपल्याकडे स्तनाच्या कर्करोगाचं मूळ प्रमाण त्यांच्याहून कमी, म्हणून भरही कमी. तोंडाच्या कर्करोगाचं मूळ प्रमाण आपल्याकडे जास्त, म्हणून तिथे तेच टक्के अधिक माणसांना गाठतात. एकट्या माणसाला, ९८५ जणींत मी असेन, असं म्हणावंसं वाटतं, आणि बहुधा ते खरंही ठरेल. पण मी शस्त्रक्रियागृहात त्या पंधरांना भेटते.

ल्योंमधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था दारूला कर्करोगजनक म्हणते ते आजचं नाही. १९८८ मध्ये तिने दारूला पहिल्या गटात टाकलं, त्याच गटात तंबाखू आहे. स्तनाचा कर्करोग त्या यादीत २००७ मध्ये आला. ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त २०२१ मध्ये आलेल्या तिच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात साधारण ७ लाख ४१ हजार नवे कर्करोग दारूमुळे झाले, आणि त्यातले लाखाहून थोडे अधिक दिवसाला २० ग्रॅमच्या आत घेणाऱ्यांचे होते. ज्यांना कुणी दारुडा म्हणणार नाही, अशी ही लाखभर माणसं. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने सांगितलं की आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येईल अशी दारूची मात्रा नाही. एका घोटाने कर्करोग होतो, असा याचा अर्थ कुणी काढू नये. जिथून खाली धोका नाही अशी रेषा आखायला पुरावा मिळत नाही, एवढंच त्यात म्हटलं आहे.

आणि आपल्या बाटलीवर काय लिहिलेलं असतं? मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, आणि मद्यपान करून वाहन चालवू नका. तंबाखूच्या पुडीवर तोंडाचा फोटो असतो. बाटलीवर कर्करोग हा शब्दसुद्धा नाही. आयर्लंडने २०२३ मध्ये बाटलीवर कर्करोगाचा थेट उल्लेख सक्तीचा करणारा नियम केला, आणि त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. आपल्याकडे तो शब्द छापला जावा असं मला वाटतं, आणि त्याखाली त्या बाटलीत किती ग्रॅम अल्कोहोल आहे तोही आकडा असावा. म्हणजे मघाचा गुणाकार कुणाला करावा लागणार नाही.

एक गोष्ट दिलासा देणारी आहे, आणि ती पुराव्यानिशी सांगता येते. ल्योंच्या त्याच संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०२३ मध्ये सगळे अभ्यास तपासून म्हटलं, की दारू कमी केली किंवा सोडली तर तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग कमी होतो याला पुरेसा पुरावा आहे. स्तनासाठी पुरावा अजून मर्यादित आहे. तोंडाच्या बाबतीत कारणही सरळ आहे. घोट बंद, की लाळेतलं ॲसिटाल्डिहाइड बंद, आणि अस्तराला दुरुस्तीला सवड मिळते. मात्र सतरा वर्षांचं भिजणं एका महिन्यात पुसलं जात नाही. धोका उतरायला वर्षं लागतात. तोवर तोंड बघत राहावं लागतं.

कसं बघायचं, तेही सांगते. रात्री दात घासून झाल्यावर आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावा. चमच्याने गाल बाहेर ओढा, आधी एक, मग दुसरा. मग जीभ वर, जीभ डावीकडे, जीभ उजवीकडे. पांढरा चट्टा, जो पुसला जात नाही. लाल मखमलीसारखा डाग, जो पांढऱ्यापेक्षाही वाईट. पंधरा दिवसांत न भरलेली जखम, मग ती दुखत नसली तरी. तिखट अचानक झोंबायला लागणं. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जाईनाशी होणं. यातलं काहीही असलं तर मलम लावत बसू नका, तोंड दाखवा.

माझ्या त्या पेशंटचा डावा गाल आणि खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागला, मांडीचं मांस तिथे बसवलं, मग किरणोपचार झाले. आज ते कामावर जातात. मऊ भात आणि आमटी खातात, बोलणं थोडं जड झालंय, फोनवर पहिल्यांदा बोलणाऱ्याला कळत नाही. शनिवारच्या मित्रांना त्यांनी स्वतः सगळं सांगितलं, आकड्यांसह, आणि गेल्या महिन्यात त्या तिघांना घेऊन माझ्याकडे आले. मी तिघांनाही पेला दिला, पाणी ओतायला लावलं आणि सिरिंजने मोजलं. ७०, ९०, ७५. मग तिघांची तोंडं पाहिली. एकाच्या उजव्या गालात मागच्या दाढेपाशी, नखाएवढा पांढरा चट्टा होता, पुसून न जाणारा. त्यांना तो कधी जाणवलाही नव्हता. तुकडा तपासला, पेशींमध्ये सौम्य बदल आहेत, कर्करोग नाही. चट्टा काढला आहे. तंबाखू आणि दारू दोन्ही बंद आहेत, असं ते सांगतात आणि बायको मान डोलावते. पुढची तपासणी येत्या गुरुवारी आहे.